कोलममधील रेषा किती? गणिती शोधप्रकल्पाचे मूल्यमापन

चेन्नईच्या दक्षिण अंगाला, पूर्वीच्या महाबलीपुरम रस्त्यावर, पेरुंगुडी नावाची वस्ती आहे. एका बाजूला पळ्ळिकरणैची दलदल आणि तिच्या काठी शहराने कित्येक वर्षे टाकलेला कचरा, दुसऱ्या बाजूला संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती, आणि या दोहोंच्या मध्ये जुन्या घरांच्या गल्ल्या, असे तिचे रूप आहे. पहाटे या गल्ल्यांतून फिरणाऱ्यास अनेक उंबरठ्यांसमोर तांदळाच्या पिठाने काढलेले कोलम दिसतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, ते अधिक मोठे आणि अधिक गुंतागुंतीचे होतात. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीशी त्यांचे नाते उघड आहे. परंतु एक महत्त्वाचा भेदही आहे. आपल्या रांगोळीत बहुधा ठिपके रेषेने जोडले जातात. ज्याला तमिळमध्ये सिक्कु कोलम म्हणतात, त्यात रेषा ठिपक्यांना स्पर्श न करता त्यांच्या भोवतीने वळणे घेत जाते आणि शेवटी जेथून निघाली तेथेच येऊन मिळते. 'सिक्कु' म्हणजे गुंता. एकाच अखंड रेषेत पुरा होणारा कोलम विशेष कौशल्याचा मानला जातो.

या कोलमकडे गणिताच्या दृष्टीने पाहण्याचे काम याच परिसरात झालेले आहे. चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम येथे असलेल्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी यांनी रानी सिरोमनी व कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली कोलमच्या रचनेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि संगणकशास्त्रातील व्याकरणाच्या कल्पनेने या आकृत्यांचे वर्णन करता येते असे दाखविले. शाळेतील मुलांना एवढ्या खोल पाण्यात शिरण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे ठेवण्याजोगा प्रश्न पुष्कळच सोपा आहे, आणि तरीही तो खरा प्रश्न आहे: ठिपक्यांच्या आयताकृती मांडणीवर सिक्कु कोलम काढला, तर तो पुरा होण्यास किती स्वतंत्र रेषा लागतील?

पेरुंगुडीतील एखाद्या शाळेने नववीच्या वर्गाला हा प्रश्न शोधप्रकल्प म्हणून दिला आहे आणि तीन आठवड्यांनी वह्या शिक्षिकेच्या टेबलावर येऊन पडल्या आहेत, असे समजू. अशा वहीला गुण द्यावयाचे ते कशाबद्दल आणि कसे, हा येथील विषय आहे. नेहमीच्या परीक्षेत उत्तर बरोबर की चूक एवढे पाहून काम भागते. फार तर पायऱ्यांचे काही गुण द्यावे लागतात. शोधप्रकल्पात उत्तर हा मालाचा एक भाग असतो, आणि तोही सर्वांत मोठा नव्हे.

प्रथम आकृती काढण्याचा नियम नीट समजून घेऊ, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. समजा, ठिपक्यांच्या चार ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत सहा ठिपके आहेत. शेजारच्या दोन ठिपक्यांमधील अंतर एक मानावे. सर्वांत बाहेरच्या ठिपक्यांपासून अर्ध्या अंतरावर चारी बाजूंनी एक चौकट कल्पावी. ती सहा लांब आणि चार उंच होईल. आता रेषा नेहमी तिरपी, ४५ अंशांत चालते. ती शेजारच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून जाते, तेथे तिला दुसरा तिरपा पदर छेदतो, आणि चौकटीला टेकली की भिंतीवर आपटलेल्या चेंडूप्रमाणे परत फिरते. चौकटीच्या डाव्या व उजव्या बाजूंवर प्रत्येक ओळीसमोर एक, आणि वरच्या व खालच्या बाजूंवर प्रत्येक स्तंभासमोर एक, अशा ठरलेल्या जागीच ती टेकते. हाताने काढताना ही टोके गोलसर वळविली म्हणजे परिचित कोलम दिसू लागतो.

एकाच ठिपक्याभोवती एकच वळसा होतो. दोन ओळी व दोन स्तंभ घेतले, तर दोन रेषा लागतात. दोन ओळी व तीन स्तंभ घेतले, तर मात्र एकच रेषा सगळीकडे फिरून येते. तीन ओळी, तीन स्तंभ: तीन रेषा. येथवर आल्यावर कोणाचेही कुतूहल जागे व्हावे, आणि येथूनच वह्यांचे मार्ग वेगळे होऊ लागतात.

मूल्यमापनासाठी तीन मथळे धरले आहेत: शोध, सामान्यीकरण आणि मांडणी. प्रत्येकास आठ गुण. ही विभागणी काही अगदी नवी नव्हे. इंग्लंडमध्ये १९८२ साली कॉक्रॉफ्ट समितीने गणिताच्या शिक्षणात अशा शोधकार्याला जागा असावी असे सुचविले होते. पुढे तेथील शालान्त परीक्षेसाठी शाळेत तपासल्या जाणाऱ्या गणितकामास जवळपास अशाच तीन अंगांनी, प्रत्येकी आठपैकी, गुण देत असत. आज इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेच्या माध्यमिक शाळांसाठीच्या अभ्यासक्रमातही आकृतिबंधांचा शोध आणि गणितातील संप्रेषण यांना आठ-आठ गुणांचे स्वतंत्र निकष आहेत. भारतात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ यासाठी गणित-अध्यापनाच्या ज्या अभ्यासगटाने निबंध तयार केला, त्याचे अध्यक्ष आर. रामानुजम पेरुंगुडीला लागूनच असलेल्या तरमणी येथील गणितीय विज्ञान संस्थेत होते. मुलाचे मन गणिताच्या रीतीने विचार करू लागले पाहिजे, ठराविक रीती पाठ होण्यापेक्षा ते महत्त्वाचे आहे, हा त्या निबंधाचा रोख होता. हेतूबद्दल मतभेद फारसे नाहीत. अडचण येते ती वही उघडल्यानंतर.

पहिली वही एका मुलाची आहे. त्याने दोन ओळींचे आठ कोलम काढले आहेत: दोन स्तंभांपासून नऊ स्तंभांपर्यंत, एकही न गाळता. प्रत्येक आकृतीखाली रेषांची संख्या आहे आणि शेवटी स्वच्छ तक्ता आहे: दोन, एक, दोन, एक, असे शेवटपर्यंत. त्याने लिहिले आहे की ओळी दोन असताना स्तंभ सम असतील तर दोन रेषा लागतात, विषम असतील तर एक. हे विधान पूर्णपणे खरे आहे. परंतु शेवटच्या पानावर त्याने आणखी एक वाक्य लिहिले आहे: "म्हणून कोणत्याही कोलममध्ये दोन्ही संख्या सम असतील तर दोन रेषा आणि नसतील तर एक."

या एका वाक्याने परीक्षकाला बरेच काही कळते. तीन ओळी व तीन स्तंभांची एकच आकृती काढली असती तरी हे विधान कोसळले असते, कारण तेथे तीन रेषा येतात. मुलाने नवे काही पाहिले नाही; जे पाहिले त्याची शिवण उसवून ते मोठे केले. गुणांच्या भाषेत बोलायचे तर, शोधाला आठपैकी तीन: काम पद्धतशीर आहे, पण एकाच रस्त्यावरून चाललेले आहे आणि रस्ता बदलण्याचा निर्णय कोठेच घेतलेला नाही. सामान्यीकरणाला तीन. शेवटचे वाक्य लिहिले नसते तर चार मिळाले असते. अनेक शिक्षकांना हे विचित्र वाटते. अधिक लिहिणाऱ्याला कमी गुण कसे? परंतु मर्यादित आणि खरे विधान हे व्यापक आणि न तपासलेल्या विधानापेक्षा गणितात अधिक मोलाचे असते, आणि ते मुलांना कळण्याची जागा गुणपत्रिकाच आहे. मांडणीला मात्र पाच: आकृती, तक्ता आणि वाक्य यांची संगती चांगली आहे. एकूण अकरा.

दुसरी वही एका मुलीची आहे आणि ती पाहताच परीक्षकाच्या कपाळाला आठ्या पडाव्यात अशी आहे. खाडाखोड आहे, आकृत्या पानाच्या कडेला घुसल्या आहेत, एका ठिकाणी तर पेनाऐवजी पेन्सिलीने एक संपूर्ण पान फुली मारून सोडून दिले आहे. पण क्रमाने वाचत गेल्यास या पानांतून एक गोष्ट उलगडत जाते.

तिने सुरुवात चौरसांपासून केली. एक, चार, नऊ, सोळा ठिपके. रेषा अनुक्रमे एक, दोन, तीन, चार. येथून तिची पहिली अटकळ: ओळी व स्तंभ यांपैकी जी संख्या लहान असेल तितक्या रेषा. तिने दोन ओळी व चार स्तंभ काढून पाहिले. दोन रेषा आल्या. तीन ओळी व सहा स्तंभ. तीन रेषा आल्या. नंतर दोन ओळी व तीन स्तंभ घेतले, आणि दोनऐवजी एकच रेषा आली. तिने पहिली अटकळ खोडली, पण फाडून टाकली नाही. शेजारी "हे चुकले, २ × ३ पाहा" असे लिहिले.

दुसरी अटकळ अशी: मोठ्या संख्येला लहान संख्येने पूर्ण भाग जात असेल तर लहान संख्येइतक्या रेषा, जात नसेल तर एकच. या वहीतील सर्वांत शिकण्यासारखी जागा हीच होय. कारण ही अटकळ चूक असूनही लहान आकृत्यांत ती कोठेच पकडली जात नाही. तिने दोन ओळींस पाच स्तंभ, तीन ओळींस चार, पाच आणि सात स्तंभ, चार ओळींस पाच स्तंभ, अशा पाच आकृत्यांवर ती ताडून पाहिली. सर्व ठिकाणी एकच रेषा आली आणि अटकळ टिकली. पुष्कळ मुले येथे थांबतात. पाच पुरावे कमी नाहीत असे त्यांना वाटते, आणि ते अस्वाभाविकही नाही. पण हे पाचही पुरावे एकाच जातीचे आहेत. लहान संख्या दोन किंवा तीन असताना तिला विभाजक असे फारसे नाहीतच. त्यामुळे भाग पूर्ण जाणे आणि मुळीच न जाणे याखेरीज तिसरी शक्यता तेथे उद्भवत नाही. तिसरी शक्यता प्रथम दिसते ती चार ओळी व सहा स्तंभांवर. तेथे सहाला चाराने भाग जात नाही, म्हणून अटकळीप्रमाणे एक रेषा यावयास हवी. प्रत्यक्षात दोन येतात.

मुलीने चार-सहाची आकृती काढली, दोन रेषा मोजल्या, आणि तिचा आकृतीवरच विश्वास बसला नाही. फुली मारलेले पान ते हेच. पुढच्या पानावर तिने तीच आकृती दुप्पट मोठी काढली आणि पुन्हा दोन रेषा आल्या. मग वाक्य येते: "भाग जाणे नाही, दोघांत सारखे काय आहे ते बघायचे." आणि त्यानंतर तिसरी अटकळ: रेषांची संख्या म्हणजे ओळी व स्तंभ यांचा मसावि. तिने लिहून ठेवले की सहा ओळी व नऊ स्तंभांवर तीन रेषा येतील. मग चोपन्न ठिपक्यांची ती आकृती काढली आणि तीन रेषा वेगवेगळ्या रंगांनी दाखविल्या.

शोधाला आठपैकी सात. हे गुण बरोबर उत्तराचे नाहीत. ते तीन निर्णयांचे आहेत: चौरस सोडून आयत घेणे, चार-सहासारखे उदाहरण निवडणे, आणि निकाल काढण्यापूर्वी भाकीत लिहून ठेवणे. नियम ताडून पाहण्यासाठी निवडलेले उदाहरण असे हवे की तेथे नियम मोडू शकेल. तीन ओळींस सात स्तंभ हे उदाहरण दुसऱ्या अटकळीची परीक्षाच नव्हते; चार-सहा ही परीक्षा होती. परीक्षकाने वही तपासताना उदाहरणांची संख्या न मोजता प्रत्येक उदाहरणाने काय पणाला लागले होते हे पाहावे.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. मोठ्या कोलममध्ये हाताची चूक सहज होते. एखाद्या ठिकाणी दोन पदर एकमेकांना छेदण्याऐवजी चुकून वळले, तर दोन रेषांची एक किंवा एकीच्या दोन होऊ शकतात, आणि मग नियम बरोबर असूनही पुरावा विरुद्ध जातो. हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. रेषांचे छेद नेहमी शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये पडतात, म्हणून छेदांची संख्या आधीच काढता येते. चार ओळी व सहा स्तंभांत आडव्या शेजारी-जोड्या चार गुणिले पाच, म्हणजे वीस, उभ्या जोड्या सहा गुणिले तीन, म्हणजे अठरा, एकूण अडतीस. आकृतीत अडतीस छेद भरले नाहीत तर रेषा मोजण्यात अर्थ नाही. सहा-नऊच्या आकृतीत त्र्याण्णव छेद हवेत. जी मुले हा ताळा स्वतःच शोधून वहीत लिहितात, त्यांना शोधाच्या मथळ्याखाली त्याचे श्रेय अवश्य द्यावे.

सामान्यीकरणाला या मुलीस सहा गुण. नियम बरोबर आहे, व्यापक आहे, तो कोणत्या मांडणीस लागू आहे हेही तिने "फक्त आयताला" असे लिहून सांगितले आहे आणि नव्या उदाहरणावर तो ताडून पाहिला आहे. उरलेले दोन गुण कशाचे? कारणाचे. नियम आढळला, पण तो तसाच का असावा हे वहीत नाही.

हे कारण नववीच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे आहे असे नाही. चार-सहाचीच आकृती घेऊ. डाव्या बाजूवर टेकण्याच्या चार जागा आहेत, प्रत्येक ओळीसमोर एक. डावीकडून निघालेली रेषा सहा अंतर आडवी जाऊन उजवीकडे टेकते आणि आणखी सहा अंतर येऊन पुन्हा डावीकडे टेकते; म्हणजे आडव्या चालीत दर बारा अंतरांनी ती डावीकडे असते. उभ्या चालीत तिचा फेरा आठ अंतरांचा आहे, कारण चौकट चार उंच आहे. रेषा ४५ अंशांत चालत असल्याने जेवढी आडवी तेवढीच उभी चाल होते. तेव्हा बारा आणि आठ या दोहोंचे फेरे एकाच वेळी पुरे होतील तेव्हाच, म्हणजे चोवीस अंतरांनंतर, रेषा आपल्या मूळ जागी मूळ दिशेने येऊन मिळेल. चोवीस अंतरांत ती डाव्या बाजूला दोनदा टेकली. एका जागी एकच रेषा वळते, आणि कोणतीही रेषा डाव्या बाजूला न टेकता राहू शकत नाही. चार जागा, प्रत्येक रेषेच्या वाट्याला दोन. म्हणून रेषा दोन.

आता चार व सहा यांच्या जागी क ओळी आणि ख स्तंभ लिहिले, तरी युक्तिवादात कोठेही अडत नाही. रेषा मिटते ती क आणि ख यांच्या लसाविच्या दुप्पट अंतरावर. डावीकडे ती दर दोन ख अंतरांनी टेकते, म्हणून एकूण टेकते ती लसावि भागिले ख इतक्या वेळा. डाव्या बाजूच्या क जागांना या संख्येने भागले की क आणि ख यांचा गुणाकार भागिले लसावि एवढ्या रेषा निघतात. दोन संख्यांचा गुणाकार हा त्यांच्या लसावि व मसावि यांच्या गुणाकाराइतका असतो हे मुले खालच्या इयत्तेतच शिकलेली असतात. म्हणून उत्तर मसावि. आफ्रिकेतील अंगोला देशाच्या चोक्वे लोकांत वाळूवर ठिपक्यांभोवती रेषा काढण्याची अशीच परंपरा आहे. तिचा आणि तमिळ कोलमचाही अभ्यास करणारे मोझांबिकमधील गणितज्ञ पाउलुस गेर्डेस यांच्या लेखनात हाच नियम येतो.

एवढे कारण, किंवा चार-सहाच्या एकाच आकृतीपुरते पण इतरत्रही चालेल असे कारण ज्या वहीत सापडेल, तिला सामान्यीकरणाचे आठ गुण द्यावेत. अक्षरे वापरली नाहीत म्हणून गुण कापू नयेत. उलट, क आणि ख लिहिले म्हणजे सामान्यीकरण झाले असेही समजू नये. अक्षरे ही पुष्कळदा नुसती वेशभूषा असते.

मांडणीला मात्र या मुलीस चारच गुण द्यावे लागतात, आणि येथे परीक्षकाने दयाबुद्धीला आवर घालावा. तिने 'रेषा' म्हणजे काय हे कोठेच सांगितलेले नाही. रेषा चौकटीवर परत फिरते हा नियमही लिहिलेला नाही. तो आकृत्यांवरून ओळखावा लागतो. उदाहरणे जशी सुचली तशी विखुरलेली आहेत आणि त्यांचा एकत्र तक्ता नाही. 'म' हे अक्षर एके ठिकाणी ओळींसाठी आणि पुढे मसाविसाठी वापरले आहे. खाडाखोडीबद्दल एकही गुण कमी केलेला नाही, कारण खोडलेली अटकळ हा शोधाचाच वृत्तांत आहे. मांडणीची कसोटी सुबकपणा ही नव्हे. ज्याने हा प्रकल्प केलेला नाही अशा दुसऱ्या वर्गातील मुलाच्या हाती वही द्यावी. तोंडी काहीही न विचारता त्याला पाच ओळी व दहा स्तंभांचा कोलम काढता आला आणि त्यात किती रेषा याव्यात व का, हे सांगता आले, तर मांडणी उत्तम. या वहीवरून त्याला बहुधा तसे जमणार नाही. एकूण गुण सतरा.

तिसरी वही हातात घेताच प्रसन्न वाटते. मुखपृष्ठावर रंगीत कोलम आहे. पहिल्याच पानावर चौकटीत लिहिले आहे की रेषांची संख्या ही ओळी व स्तंभ यांच्या मसाविइतकी असते. पुढे पाच निर्दोष आकृत्या आहेत: दोन-तीन, तीन-चार, चार-सहा, पाच-पाच, सहा-आठ. प्रत्येकीखाली मसावि आणि रेषांची संख्या जुळवून दाखविली आहे. वही येथे संपते.

जुन्या सवयीने गुण दिले तर ही वही वर्गात पहिली येईल, आणि दुसऱ्या वहीच्या मुलीला पुढच्या वर्षी काय करावयाचे याचा धडा मिळेल: खाडाखोड लपवावी, चुका फाडून टाकाव्यात, शेवटचे उत्तर पहिल्या पानावर लिहावे. म्हणून या वहीचे गुण देताना सर्वांत अधिक काळजी घ्यावी लागते. नियम बरोबर आहे आणि पाच ठिकाणी ताडून दाखविला आहे, सामान्यीकरणाला चार. मांडणी नेटकी आहे, पण नियम कोठून आला व आकृती काढण्याची रीत कोणती हे नाही, पाच. शोधाला दोन, कारण शोध असा वहीत दिसतच नाही. एकूण अकरा, म्हणजे दोन ओळींपलीकडे न गेलेल्या पहिल्या मुलाइतकेच.

मात्र वहीत शोध दिसत नाही याचा अर्थ तो झालाच नाही असा नव्हे. नियम कोणाकडून तरी ऐकला असेल. परंतु असेही असेल की मुलीने घरी वीस आकृत्या काढल्या, आणि 'फेअर' वही द्यावयाची म्हणून कच्ची पाने रद्दीत टाकली. परीक्षकाने संशय मनात ठेवून गुण कापू नयेत, विचारावे. पाच मिनिटांचा तोंडी प्रश्न पुरतो. "हा नियम सुचण्याआधी तुला दुसरे काही वाटले होते का?" या प्रश्नाला ज्याने काम केले आहे त्याच्याकडे नेहमी उत्तर असते, कारण पहिलीच अटकळ बरोबर निघणे या प्रश्नात दुर्मीळ आहे. मुलीने "मिस, आधी मला वाटले होते की सम असेल तर दोन" असे म्हणून चार-चारची आकृती आठवणीने काढून दाखविली, तर शोधाचे गुण वाढवावेत आणि का वाढविले ते वहीवर लिहावे. याहून बरा उपाय म्हणजे प्रकल्प देतानाच सांगणे, की कच्ची पाने मूळ वहीसोबत जोडावयाची आहेत आणि त्यांवरही गुण आहेत.

एका परीक्षकाने एकट्याने दिलेले असे गुण फारसे भरवशाचे नसतात. अनुभव असा आहे की दोन शिक्षकांचे शोधाच्या गुणांबाबत चटकन एकमत होते, कारण निर्णय वहीत दिसतात किंवा दिसत नाहीत. मांडणीच्या गुणांत मात्र मोठी तफावत पडते. एकाला दुसऱ्या वहीचा वैताग येतो, तर दुसरा तिच्या प्रेमात पडतो. यासाठी वह्या तपासण्यापूर्वीच तीन-चार नमुना वह्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात, गुण शेजारी शेजारी ठेवावेत, आणि दोनपेक्षा जास्त फरक पडला तेथे वहीतील नेमक्या ओळीवर बोट ठेवून बोलावे. "एकंदरीत चांगली वाटली" हे कारण तेथे टिकत नाही. तीन मथळ्यांचे गुण वेगळे ठेवणेही आवश्यक आहे. अकरा आणि अकरा या दोन सारख्या बेरजांमागे पहिला मुलगा व तिसरी मुलगी किती निराळे उभे आहेत, हे केवळ बेरीज पाहून कळत नाही.

इंग्लंडच्या अनुभवात याबाबत एक इशाराही आहे. १९८८ पासून तेथे हे काम नव्या शालान्त परीक्षेशी जोडले गेले आणि थोड्याच वर्षांत त्याला साचा आला. मुले काही आकृत्या काढीत, तक्ता भरीत, तक्त्यातील आकडे पाहून सूत्र लिहीत. आकृतीकडे पुन्हा वळून कोणी पाहत नसे. डेव्ह ह्युइट या गणितशिक्षकाने १९९२ साली एका लेखात या प्रकाराची तुलना आगगाड्यांचे क्रमांक टिपून ठेवणाऱ्या छंदिष्टांशी केली: आकडे जमतात, गाडी कोठे चालली आहे याची चौकशी होत नाही. पुढे २००७ पासूनच्या अभ्यासक्रमातून गणितातील असे परीक्षेचे गृहकार्य तेथे काढूनच टाकण्यात आले. दोष कल्पनेचा होता असे म्हणणे अवघड आहे. तक्त्याला गुण होते, म्हणून मुलांनी तक्ते दिले. कोलमच्या प्रकल्पातही शिक्षिकेने प्रश्नपत्रिकेवर रिकामा तक्ता छापून दिला, किंवा प्रकल्पाच्या नावातच 'मसावि' हा शब्द घातला, तर शोधाचे आठ गुण देण्याजोगे वर्गात काही उरणार नाही. कोणत्या आकृत्या काढावयाच्या हे मुलांनीच ठरविले पाहिजे, कारण गुण त्या ठरविण्याला आहेत.

दुसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर, निष्कर्षाच्या खाली, मुलीने एक लहानशी आकृती काढली आहे. दोन ओळी, दोन स्तंभ. पण कोपऱ्यातला एक ठिपका नाही. तीन ठिपक्यांभोवती रेषा फिरविली तर दोनऐवजी एकच रेषा लागते, हे तिने बाण काढून दाखविले आहे आणि शेजारी प्रश्नचिन्ह ठेवले आहे. पुढे काही लिहिलेले नाही. मसाविचा नियम येथे लागू पडत नाही, आणि तीन-तीनच्या मांडणीतून असाच एक ठिपका काढला तर काय होईल, हे तिने पाहिलेले नाही. शोधाचा सातवा गुण या प्रश्नचिन्हाचा आहे.